अकबर मोठा की बिरबल?

अकबर आणि बिरबल यांच्यात वयाने मोठा कोण, असं विचारलं तर दहातले नऊ जण अकबराचं नाव घेतील. बादशहा म्हणजे पिळदार मिशांचा भारदस्त माणूस आणि बिरबल म्हणजे तल्लख, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण, हे चित्र गोष्टींच्या पुस्तकांनी आणि मालिकांनी आपल्या डोक्यात पक्कं करून ठेवलंय. माझ्या दोन मित्रांत याच चित्रावरून वाद झाला. बापू मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. नानाने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दोघांची मैत्री शाळेपासूनची, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नाही. अशा प्रश्नाचा निकाल पुराव्यावर कसा लावायचा, हे त्या वादातून चांगलं कळलं, म्हणून तो इथे सविस्तर देतो आहे.

बापूने काढलेलं चित्र पहिल्या भेटीचं होतं. अकबर शिकारीला गेला, रस्ता चुकला, तिठ्यावर त्याला महेशदास नावाचा दहा वर्षांचा पोरगा भेटला. पोराच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन बादशहाने बोटातली अंगठी काढून दिली आणि तोच पोरगा पुढे बिरबल झाला, ही गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. चित्रात घोड्यावर तुरेवाल्या पगडीतला चाळिशीचा अकबर होता, समोर अनवाणी पोर आणि मागे लांबवर फतेहपूर सिक्रीचा बुलंद दरवाजा.

नानाने चित्र हातात घेतलं आणि म्हणाला, "बापू, रंग झकास आहेत. पण माणसांची वयं उलटी झाली आहेत. पोरगा घोड्यावर हवा आणि मोठा माणूस खाली."

"म्हणजे?"

"अकबर तेराव्या वर्षी गादीवर बसला. बिरबल तेव्हा जाणता पुरुष होता. पहिल्या भेटीत लहान होता तो राजा."

बापूला हे पटणारं नव्हतं. "अरे, तेराव्या वर्षी गादीवर बसला हे मलाही माहीत आहे. पण म्हणून बिरबल त्याला तेव्हाच भेटला असं कुठे आहे? अकबराने जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. भेट मधेच कधीतरी झाली असेल. आणि तुझ्या इतिहासात अशा तारखा तरी खऱ्या कशावरून? चारशे वर्षांपूर्वी कोण जन्मदाखला ठेवत होतं?"

बापूची शंका रास्त होती. नानाने ती उडवून न लावता कागद-पेन्सिल घेतली आणि सुरुवात अकबरापासून केली.

अकबराचा जन्म सिंधमधल्या उमरकोटचा. हुमायून शेरशहाकडून हरून वाळवंटात भटकत होता, उमरकोटच्या राण्याने त्याला आसरा दिला, तिथे हा मुलगा झाला. दरबारी इतिहासात जन्माची तारीख हिजरी 949 सालच्या रज्जब महिन्याची 5 अशी आहे. नानाने ती बापूसमोर इंग्रजी तारखेत उतरवून दाखवली. हिजरी 949 हे वर्ष 17 एप्रिल 1542 रोजी सुरू झालं. रज्जब हा सातवा महिना, म्हणजे आधी सहा महिने संपले पाहिजेत. चांद्र महिने एक तीसचा आणि एक एकोणतीसचा असे धरले तर सहा महिन्यांचे 177 दिवस होतात. 17 एप्रिलपासून 177 दिवस पुढे गेलं की 11 ऑक्टोबर येतो. तो रज्जबचा पहिला दिवस. पाचवा दिवस म्हणजे 15 ऑक्टोबर 1542.

"हे झालं दरबारी लेखकांचं," नाना म्हणाला. "पण तुझी शंका खरी ठरवणारा एक साक्षीदारही आहे. हुमायूनचा पाण्याची झारी सांभाळणारा नोकर होता, जौहर. त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. तो म्हणतो, मुलगा शाबान महिन्याच्या 14 तारखेला, पौर्णिमेच्या रात्री जन्मला."

बापूचे डोळे चमकले. "बघ! म्हणजे अकबराचीच तारीख वादातली."

"वादातली आहे. व्हिन्सेंट स्मिथसारख्या इतिहासकाराने जौहरचीच तारीख खरी मानली. पण फरक किती पडतो तो मोज. 5 रज्जब ते 14 शाबान, एकोणचाळीस दिवस. जौहरचं खरं धरलं तर जन्म 23 नोव्हेंबर 1542 चा. आपला प्रश्न वर्षांचा आहे. दोन साक्षीदार सव्वा महिन्याने वेगळे पडले तर तारीख अनिश्चित होते, साल होत नाही."

इथे नानाचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. जुन्या कागदांत तफावत दिसली की अनेक जण सगळाच इतिहास बेभरवशाचा ठरवतात. तफावत केवढी आणि आपला प्रश्न केवढ्या फरकाचा, हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तसं म्हणता येत नाही.

राज्यारोहणाची तारीखही नानाने तशीच तपासली. जानेवारी 1556 मध्ये हुमायून दिल्लीत ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. अकबर तेव्हा पंजाबात बैरामखानाबरोबर मोहिमेवर होता. तिथेच, कलानौर इथे, 14 फेब्रुवारी 1556 रोजी त्याला तख्तावर बसवलं. हिजरीने मोजलं तर त्याला त्या दिवशी तेरा वर्षं नऊ महिने होत आले होते, आपल्या मोजणीने तेरा वर्षं चार महिने. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी आखूड असतं, त्यामुळे फारसी तवारिखांतली वयं आपल्या हिशेबापेक्षा थोडी जास्त दिसतात. तेरा वर्षांत पाच महिने, साठ वर्षांत जवळजवळ दोन वर्षं. तवारिखेतलं वय जसंच्या तसं उचललं तर ही चूक हमखास होते.

"बरं, अकबर झाला," बापू म्हणाला. "आता बिरबल."

"बिरबलाच्या जन्माचं साल सगळीकडे 1528 छापलेलं असतं. ते धरलं तर तो अकबरापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. पण..."

"पण काय?"

"पण त्या काळच्या तवारिखांत त्याची जन्मतारीख नाही. 1528 हे मागाहून रूढ झालेलं साल आहे. मी त्यावर निकाल टेकवणार नाही."

बापू हसला. "मग संपलं की! जन्मसालच नाही तर वयाचा वाद कसला?"

खरा वाद इथून सुरू झाला. जन्मसाल नसलं तरी माणसाच्या आयुष्यातल्या इतर घटनांना तारखा असतात आणि त्यांच्या चिमट्यात वय पकडता येतं. नानाने कागदावर तीन खुणा केल्या. पहिली खूण भेटीची. बदायुनी नावाचा इतिहासकार अकबराच्याच दरबारात होता. 1540 चा जन्म, म्हणजे अकबराहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. त्याने लिहिलंय की हा ब्राह्मण काल्पीहून आला, गरीब होता, कवने करायचा आणि बादशहाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच दरबारात आला. त्याला आधी कविराय आणि मग राजा बिरबल असे किताब मिळाले.

दुसरी खूण 1572-73 ची. पंजाबच्या डोंगरातल्या नगरकोटच्या राजावर अकबराची मर्जी गेली आणि ते संस्थान बिरबलाला जहागीर म्हणून दिलं गेलं. लाहोरचा सुभेदार हुसेन कुलीखान सैन्य घेऊन नगरकोटवर गेला. वेढा पुरता यशस्वी झाला नाही, शेवटी तडजोड झाली आणि बिरबलाच्या पदरात प्रत्यक्ष मुलखाऐवजी सोनं पडलं. म्हणजे त्या वर्षी बिरबल 'राजा' झालेला होता आणि त्याच्यासाठी फौज निघत होती.

तिसरी खूण मृत्यूची, फेब्रुवारी 1586. ती अगदी पक्की. वायव्य सरहद्दीवर युसुफझाई टोळ्यांविरुद्ध गेलेल्या फौजेत बिरबल एक सरदार होता. जैनखान कोका आणि हकीम अबुल फतह या दुसऱ्या दोघांशी त्याचं पटलं नाही. स्वातच्या डोंगरातल्या अरुंद खिंडीत फौज अडकली, वरून दगड आणि बाण आले आणि बिरबल त्या गर्दीत मारला गेला. मेलेल्यांचा आकडा समकालीनांनी आठ हजारांपर्यंत दिला आहे. त्याचं प्रेत मिळालं नाही. अकबराने दोन दिवस अन्न घेतलं नाही, आणि पुढे बिरबल जोगी होऊन नगरकोटच्या बाजूला फिरतोय अशी वावडी उठली तेव्हा तिचीही चौकशी करायला लावली. आपल्याकडच्या गोष्टींत बिरबल कधी मरतच नाही. हे मरण वाचलं की गोष्टीतल्या विदूषकामागचा खरा माणूस पहिल्यांदा समोर येतो, आणि अकबराचं त्याच्यावर किती प्रेम होतं तेही.

"आता तुझं चित्र या तीन खुणांत बसवून बघू," नाना म्हणाला. "चित्रातला अकबर चाळिशीचा आहे. अकबर चाळीस वर्षांचा झाला 1582 मध्ये. त्या साली दहा वर्षांचा असलेला पोरगा 1586 मध्ये चौदा वर्षांचा. चौदा वर्षांच्या पोराला कोणी फौज देऊन सरहद्दीवर पाठवत नाही."

"तीसचा करतो."

"अकबर तिशीचा झाला 1572 मध्ये. त्याच सुमारास नगरकोट बिरबलाला मिळालं. दहा वर्षांच्या पोराला राजा हा किताब आणि जहागीर?"

"वीसचा केला तर?" बापू सहज हार मानणारा नव्हता. "वीस वर्षांचा तरणाबांड बादशहा, दहा वर्षांचा पोर. म्हणजे साल 1562. नगरकोटच्या वेळी पोर वीस वर्षांचा, मरताना चौतिशीचा. बसतंय की!"

नाना थांबला. "दोन खुणांत बसतंय. पहिलीत बसत नाही. बदायुनी म्हणतो कारकिर्दीच्या सुरुवातीला आला. कारकीर्द 1556 ला सुरू झाली, तेव्हा तुझा हा पोर चार वर्षांचा. समज, बदायुनीची 'सुरुवात' सहा वर्षं ताणून आपण 1562 पर्यंत नेली. तरी जो आला तो कवने रचणारा, पोटासाठी आश्रय शोधणारा माणूस होता. परंपरा तर सांगते की त्याआधी तो रेव्याच्या राजा रामचंद्राकडे 'ब्रह्म' या नावाने कविता करत होता. तानसेनही त्याच रामचंद्राकडून 1562 मध्ये अकबराकडे आला. दहा वर्षांच्या मुलाला एवढं सगळं करून कसं यायचं?"

"आणि बदायुनीच चुकला असेल तर?"

"त्याला बिरबलाचा मनस्वी राग होता. बिरबलाने बादशहाला बिघडवलं असं त्याचं मत. बिरबलाच्या मरणावरही तो कडवट लिहितो. गरिबीवरून, कवनांवरून, सगळ्यावरून तो त्याला हिणवतो. पण काल आलेला पोर डोक्यावर बसला, असं कुठेही म्हणत नाही. हातात असलेलं हे शस्त्र त्याने सोडलं नसतं."

"हा पुरावा झाला?"

"पूर्ण पुरावा नाही. न लिहिलेल्या गोष्टीवरून काढलेला तर्क नेहमी कच्चाच. पहिल्या तीन खुणांना त्याचा थोडा आधार मिळतो, इतकंच."

यावर बापूने आणखी एक बाजू काढली. तो म्हणाला की एवढी लोकमान्य गोष्ट हवेतून येत नाही, तिच्या तळाशी काहीतरी असणारच. याला नानाचं उत्तर तंबाखूचं होतं. बिरबल तंबाखू खातो, समोरच्या गाढवाने तंबाखूचं पान हुंगून सोडलं, तेव्हा अकबर म्हणतो की गाढवसुद्धा तंबाखू खात नाही, आणि बिरबल तेच वाक्य बादशहावर उलटवतो, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. पण अकबराच्या दरबारात तंबाखू पहिल्यांदा आणली ती असद बेगने, विजापूरहून परतताना, 1604 च्या सुमारास. बिरबलाला जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. या गोष्टी त्या काळच्या तवारिखांत सापडत नाहीत. त्या पुढच्या लोकांनी तोंडोतोंडी रचल्या आणि रचताना आपल्या काळातल्या वस्तू त्यात घातल्या. रस्ता दाखवणारा हुशार पोर आणि त्याला बक्षीस देणारा राजा हेही कथांमधलं जुनंच जोडपं. नावं बदलून ते कुठल्याही राजाला चिकटतं.

लोकस्मृतीत काहीच खरं नसतं असं मात्र नाही. आपल्या भूषण कवीचं उदाहरण नानाने दिलं आणि ते ऐकून बापूइतकाच मीही चकित झालो. शिवाजी महाराजांवर 'शिवराजभूषण' लिहिणारा भूषण आपल्या गावाचं नाव त्रिविक्रमपूर सांगतो. हे गाव आजच्या कानपूर जिल्ह्यात, यमुनेच्या काठी. आणि गावाची थोरवी सांगताना तो म्हणतो की बिरबलासारखा कवी आणि राजा इथेच जन्मला. हा ग्रंथ 1673 चा, बिरबलाच्या मृत्यूनंतर शंभर वर्षंही झाली नव्हती. मध्य प्रदेशातल्या सिधी जिल्ह्यातलं घोघराही बिरबलाचं गाव म्हणून सांगतात. पण त्रिविक्रमपूरच्या बाजूने एका गाववाल्या कवीची लेखी साक्ष आहे, आणि काल्पी तिथून लांब नाही, म्हणजे ती बदायुनीशीही जुळते. या साक्षीत बिरबल कवी आहे, राजा आहे. चौरस्त्यावरचा पोर नाही.

मग निकाल काय? नानाने तो दोन भागांत सांगितला आणि मला ही विभागणी योग्य वाटते. मोठा अकबर आणि लहान मुलगा बिरबल हे दृश्य अशक्य आहे, बिरबलाचं जन्मसाल माहीत नसलं तरीही. अकबराचं जन्मसाल, नगरकोटचं साल आणि बिरबलाच्या मृत्यूचं साल एवढ्यावर ते कोसळतं. बिरबल अकबरापेक्षा मोठाच होता, हे त्याखालोखाल खात्रीचं. कारण तो लहान ठरायला 1542 नंतर जन्मलेला हवा, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला विशीच्या आतला. विशीच्या आत एक दरबार पाहून, कवी म्हणून नाव करून दुसऱ्या दरबारात येणं अगदीच अशक्य नाही, पण ओढूनताणून जुळवावं लागतं. किती वर्षांनी मोठा, याचं उत्तर मात्र 1528 वर विश्वास ठेवला तरच चौदा असं देता येतं.

"एक मला पटत नाही," बापू म्हणाला. "राजापेक्षा प्रधान मोठा हा नियम आहे की काय?"

"नियम कसला? शाहू महाराज आणि पहिला बाजीराव बघ. शाहूंचा जन्म 1682 चा, बाजीरावाचा 1700 चा. 1720 मध्ये पेशवाईची वस्त्रं दिली तेव्हा महाराज अडतिसाव्या वर्षात आणि पेशवा विसाव्या. तिथे तुझं चित्र बरोबर बसतं. प्रत्येक जोडीचा हिशेब वेगळा करावा लागतो. आणि हो, बिरबल प्रधान नव्हताच. सुरुवातीला कारभार बैरामखानाकडे होता, 1560 पर्यंत. पुढे महसुलाचं काम तोडरमलाने गाजवलं. बिरबल बादशहाचा मित्र, कवी आणि दोन हजारांचा मनसबदार."

बापूने पेन्सिल उचलली. त्याला आता नवं चित्र काढायचं होतं आणि त्याचे प्रश्न चित्रकाराचे होते. अकबराला दाढी द्यायची का? अजिबात नाही, नाना म्हणाला, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा काढ, मिसरूड फुटण्याच्या वयाचा. जहांगीराने आपल्या आठवणींत बापाचं वर्णन केलंय, त्याप्रमाणे गव्हाळ रंग, मध्यम उंची आणि नाकाच्या डाव्या बाजूला अर्ध्या वाटाण्याएवढा मस. बिरबल तिशीच्या आसपासचा, प्रवासाने मळलेल्या कपड्यांतला, हातात भेट म्हणून आणलेली कवनं.

"आणि बुलंद दरवाजा?"

"खोड. फतेहपूर सिक्रीचं बांधकाम 1571 च्या सुमारास सुरू झालं. या भेटीच्या वेळी तिथे नुसती टेकडी आणि गाव होतं."

"आग्र्याचा लाल किल्ला काढू?"

"तोही आज दिसतो तसा नको. लाल दगडाचं काम 1565 ला हाती घेतलं, त्याआधी तिथे विटांचा जुना किल्ला होता."

"मग मागे काढू काय?"

"तंबू. अकबराची ती पहिली वर्षं हेमूशी, सिकंदर सूरशी लढण्यात गेली. छावणीत भेट झाली असं दाखवलंस तर कोणी तुला चूक म्हणू शकणार नाही."

बापूने कागदाच्या मधोमध तंबूची कनात ओढली. जंगलातलं जुनं चित्रही त्याने टाकून दिलं नाही. गोष्टीच्या पानावर ते तसंच राहणार, फक्त बुलंद दरवाजा खोडून. छावणीचं चित्र पुस्तकाच्या शेवटी खऱ्या अकबर-बिरबलाची माहिती येते तिथे लागणार, आणि त्याखालच्या ओळींत दोघांच्या वयाचा हिशेब नाना लिहून देणार आहे.